अथणीतला दक्षिणेच्या खिडक्यांचा फ्लॅट: एसीशिवाय उन्हाळा काढण्याचं एक प्रकरण

बेळगाव जिल्हा एक असला तरी उन्हाळा एक नाही. खानापूर तालुका डोंगराच्या कुशीत, पावसाचा आणि झाडीचा. बेळगाव, हुक्केरी, चिकोडी हा मधला पट्टा. आणि अथणी, रायबाग, गोकाक हे उत्तर कर्नाटकाच्या कोरड्या पट्ट्यात मोडणारे तालुके. खानापुरात एप्रिलच्या दुपारी कौलाखाली झोप लागते. त्याच दुपारी अथणीत चाळीस अंशांच्या आसपास ऊन असतं, हवेत ओल जवळजवळ नसते आणि बंद गच्चीखालच्या खोलीत पाठ टेकवत नाही. जिल्ह्यातल्या जिल्ह्यात बदली झालेल्या माणसाला हा फरक घर घेताना लक्षात येत नाही, कारण घर साधारण मार्चमध्ये बघितलं जातं आणि तेव्हा सगळीच घरं बरी वाटतात.

हे प्रकरण माझ्या मावसबहिणीच्या घरचं आहे. दाजी बँकेत आहेत, खानापूरहून त्यांची बदली अथणीला झाली. सोबत अक्का, सहावीतला मुलगा आणि अक्काच्या सासूबाई, वय ७४, रक्तदाबाच्या गोळ्या सुरू. सगळे त्यांना आजीच म्हणतात, मीही म्हणतो. मी बेळगावात घरांच्या बांधकामाची कामं करतो, म्हणून अक्कानं फ्लॅट बघायला मला सोबत बोलावलं. एसी बसवायचा नाही हे तिघांनी आधीच ठरवलं होतं. घर भाड्याचं, दोन-तीन वर्षांत पुन्हा बदली, बघितलेल्या बहुतेक घरांचं वायरिंग जुनं, आणि उन्हाळ्यात भर दुपारी वीज जाते तेव्हा एसीवर विसंबलेलं बंद घर सगळ्यात आधी तापतं. कर्नाटक सरकारच्या मोफत विजेच्या गृहज्योती योजनेचा हिशेबही होताच. महिन्याला २०० युनिटच्या वर गेलं की त्या महिन्याचं सगळं बिल भरावं लागतं, आणि दीड टनाचा एसी रात्रभर चालवला तर २०० ओलांडायला फार दिवस लागत नाहीत.

हवामान खातं सपाट प्रदेशात उष्णतेची लाट जाहीर करतं ती कमाल तापमान किमान ४० अंशांवर गेलं आणि ते नेहमीपेक्षा साडेचार अंशांनी जास्त असलं, की. हा आकडा दिवसाचा आहे. घर निवडताना मात्र मी रात्रीकडे बघतो. दिवसा माणूस ऑफिसात, शाळेत, झाडाखाली कुठेतरी निभावून नेतो. आजींसारखं माणूस दिवसभर घरात असतं आणि रात्रीही तिथंच झोपतं. रात्री शरीर निवलं नाही तर दुसऱ्या दिवशीचं ऊन सोसायची ताकद उरत नाही, आणि लाटेचा तिसरा-चौथा दिवस पहिल्यापेक्षा जास्त बाधतो तो यामुळेच.

तीन घरं, दोन वेळा

मार्चच्या शेवटच्या आठवड्यात तीन फ्लॅट निवडीत उरले होते. प्रत्येक फ्लॅट आम्ही दोनदा बघितला, एकदा दुपारी चारच्या सुमारास आणि पुन्हा रात्री साडेनऊला. घरमालकांना हे विचित्र वाटलं, पण कुणी नाही म्हटलं नाही. सोबत मी भिंतीवर रोखून पृष्ठभागाचं तापमान सांगणारी छोटी बंदूक नेली होती. ती नसली तरी चालतं. तळहात भिंतीला आणि स्टुलावर चढून छताला लावला की बरंच कळतं, कारण आपली कातडी साधारण ३४-३५ अंशांची असते. हाताला भिंत कोमट लागली तर ती आपल्यापेक्षा गरम आहे आणि रात्रभर आपल्यालाच तापवणार आहे.

पहिला फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर, वर थेट गच्ची. पूर्वेचं दार, वास्तूच्या नियमात बसणारा, भाडं तिन्हींत कमी, संध्याकाळी छान वारा. गच्चीवर उघडा, काळपट पडलेला स्लॅब. दुपारी चारला छताची आतली बाजू ४१ अंश दाखवत होती. रात्री साडेनऊला बाहेरची हवा २९ वर आली होती, छत अजून ३९ वर होतं. पाच इंची काँक्रीट दिवसभर ऊन पितं आणि ती उष्णता खालच्या खोलीत सोडत बसतं, मध्यरात्र उलटेपर्यंत. खाली पंखा लावला तर तो छताजवळची तापलेली हवाच अंगावर ढकलतो.

दुसरा फ्लॅट पहिल्या मजल्यावर, नवा, चकचकीत. हॉल आणि मोठी बेडरूम दोन्ही पश्चिमेला, बाल्कनीला जमिनीपर्यंत सरकती काच. पूर्वेला शेजारची इमारत हाताच्या अंतरावर, त्या बाजूची खिडकी उघडली तरी वारा येत नाही. दुपारी चारला भिंतीची आतली बाजू फारशी तापलेली नव्हती. अक्का म्हणाली, “बघ, हे थंड आहे.” रात्री साडेनऊला तीच भिंत ३७ वर गेली होती. नऊ इंची विटेच्या भिंतीला बाहेरचं ऊन आत पोचवायला सहा ते आठ तास लागतात. पश्चिमेच्या भिंतीवर ऊन दोन ते सहा पडतं, म्हणजे ती उष्णता नेमकी झोपायच्या वेळी आत पोचते. दुपारी घर बघून होकार देणारी माणसं इथं फसतात.

तिसरा फ्लॅट दुसऱ्या मजल्यावर, जुन्या इमारतीत. वर आणखी एक मजला, म्हणजे गच्चीचं ऊन दुसऱ्या कुणाच्या डोक्यावर. फरशी शहाबादी, स्वयंपाकघर अंधारलेलं, रंग उडालेला. पण जिना, बाथरूम आणि संडास तिन्ही पश्चिमेला, आणि दोन्ही खोल्यांच्या खिडक्या दक्षिणेला आणि उत्तरेला समोरासमोर. दक्षिणेच्या खिडक्यांवर दीड-दोन फुटांचे छज्जे. रात्री भिंती ३३ च्या आसपास, छत ३२. मालक स्वतःच म्हणाले की दार दक्षिणेला म्हणून लोक बघून परत जातात आणि घर चार महिने रिकामं आहे.

दक्षिणेची बाजू उन्हाळ्यात थंड का

आपल्याकडे दक्षिण म्हणजे ऊन असा समज आहे, आणि तो हिवाळ्यापुरता खरा आहे. डिसेंबरात सूर्य दुपारीही दक्षिणेला कललेला असतो आणि दक्षिणेच्या खिडकीतून ऊन खोलीत पार आत येतं. उन्हाळ्यात चित्र उलटं होतं. अथणीचा अक्षांश १६.७ अंश. मार्चच्या अखेरीपासून सूर्य दुपारी इतका उंच असतो की दीड फुटाच्या छज्जाची सावली चार फुटी खिडकी पूर्ण झाकते. मेच्या दुसऱ्या आठवड्याच्या सुरुवातीला तो भर दुपारी बरोबर डोक्यावर येतो आणि तिथून ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत उत्तरेकडे राहतो. म्हणजे मे महिन्यातल्या बहुतेक दिवसांत दक्षिणेच्या भिंतीला थेट ऊन लागतच नाही. उत्तरेच्या भिंतीला सकाळ-संध्याकाळ तिरकं थोडं लागतं.

मार खाते ती गच्ची, आणि तिच्यानंतर पश्चिमेची भिंत. दुपारी चारला सूर्य खाली आलेला असतो, त्यामुळे पश्चिमेच्या खिडकीवरचा छज्जा काही कामाचा नसतो, ऊन सरळ समोरून येतं. पूर्वेच्या भिंतीवरही तेवढंच ऊन पडतं, पण सकाळी, हवा अजून गार असताना, आणि संध्याकाळपर्यंत ती ते देऊन मोकळी होते. म्हणून झोपायची खोली पूर्वेला असलेली चालते, पश्चिमेला असलेली चालत नाही. पश्चिमेला जिना, बाथरूम, सामानाची खोली असावी, ज्यांत आपण थोडा वेळच असतो.

वाऱ्याचा प्रश्न मात्र खरा आहे आणि तो मी अक्कापासून लपवला नाही. आपल्या भागात उन्हाळ्यात संध्याकाळचा वारा बहुतेक पश्चिमेकडून येतो. दुसऱ्या फ्लॅटमध्ये तो भरपूर होता. पण एका बाजूनं आलेल्या वाऱ्याला बाहेर जायला दुसरी वाट नसेल तर तो खोलीत शिरतच नाही, दारातच थबकतो. समोरासमोर दोन मध्यम खिडक्या एका मोठ्या बाल्कनीपेक्षा खोली लवकर निववतात. तिसऱ्या फ्लॅटमध्ये बाथरूमची पश्चिमेची झडप आणि पूर्वेचं पॅसेजचं दार उघडं ठेवलं की वारा वळसा घेऊन का होईना, येत होता.

आजींना दक्षिणेचं दार पटत नव्हतं आणि त्यांच्या मनाविरुद्ध त्यांना तिथं राहायला लावणं मला योग्य वाटत नव्हतं. ऊन त्यांनाच सगळ्यात जास्त सोसायचं होतं, म्हणून मी अक्काला सुचवलं की रात्रीच्या फेरीला आजींनाही आणू. पहिल्या घरात त्या दहा मिनिटांत उठून गॅलरीत गेल्या. तिसऱ्या घरात शहाबादीवर पाय पसरून बसल्या आणि मालकांच्या बायकोशी, त्या कानडीत आणि आजी मराठीत, पाऊण तास बोलत राहिल्या. निघताना म्हणाल्या, “दाराला तोरण बांधू, गणपती बसवू. इथंच घ्या.” दाजींनी भाडेकरारात दोन गोष्टी लिहून घेतल्या. खिडक्यांना बाहेरून शेडनेट आणि जाळी लावायची परवानगी, आणि उत्तरेच्या खिडकीत कूलर बसवण्यासाठी लोखंडी स्टँड.

एप्रिल: खिडक्या कधी उघडायच्या

अशा घराचा फायदा आपोआप मिळत नाही. जड भिंतींचं घर रात्री गार करून घ्यावं लागतं आणि दिवसा ती गारी राखावी लागते. अक्काच्या हाती मी दोन साधे तापमापक दिले, एक उत्तरेच्या खिडकीबाहेर सावलीत टांगायला, एक आतल्या खोलीत. नियम एवढाच, की बाहेरचा पारा आतल्यापेक्षा खाली आला की सगळं उघडायचं, वर गेला की सगळं बंद. एप्रिलमध्ये हे बंद करणं सकाळी साडेआठ-नऊला यायचं आणि उघडणं रात्री आठच्या पुढे. खानापूरच्या सवयीनं अक्का दिवसभर खिडक्या उघड्या ठेवायची, “हवा खेळू दे” म्हणून. पहिल्या आठवड्यात दुपारी घर ३७ वर जायचं. खिडक्या वेळेवर मिटायला लागल्यावर तशाच दिवशी ते ३३-३४ वर थांबलं. त्यात पैसा लागला तो तापमापकांचा.

रात्री उघड्या खिडक्यांना डासांची जाळी हवीच, पण बारीक जाळी वारा बराच अडवते. म्हणून मोठ्या खिडक्यांना जाळी आणि आजींच्या खाटेला मच्छरदाणी अशी विभागणी केली, छोट्या झडपा मोकळ्या ठेवल्या.

ऊन अडवायचं ते काचेच्या बाहेर. आतून जाड पडदा लावला तर ऊन काच ओलांडून आत आलेलंच असतं, पडदा तापतो आणि खोली तापवतो. अथणीच्या बाजूला द्राक्षबागा आणि रोपवाटिका असल्यानं शेतीच्या दुकानात हिरवी शेडनेट मीटरवर सहज मिळते. ७५ टक्के सावलीची नेट पूर्वेच्या खिडकीला आणि पॅसेजला, भिंतीपासून वीतभर पुढे, लोखंडी सळईवर बांधली. भिंतीला चिकटून बांधली तर मधली हवा कोंडते.

स्वयंपाकही सकाळी नऊच्या आत उरकायला लागला. दुपारी बंद घरात गॅसची एक शेगडी तासभर पेटली तर सकाळपासून राखलेली गारी त्यातच जाते. दुपारच्या जेवणाला भाकरी सकाळची, सोबत ताक आणि ज्वारीची आंबील. संध्याकाळचा कुकर आठनंतर, खिडक्या उघडल्यावर.

कूलर, पाणी आणि टाकी

कोरड्या हवेत कूलर खरोखर काम करतो आणि अथणीत एप्रिलभर हवा कोरडी असते. बाहेर ४० अंश आणि आर्द्रता २० टक्क्यांच्या आसपास असेल तर बऱ्या पॅडचा कूलर २७-२८ अंशांची हवा फेकतो. पण त्यानं बाहेरची कोरडी हवा ओढली पाहिजे आणि आतली ओली हवा बाहेर गेली पाहिजे. खोलीच्या मध्ये ठेवून दारं-खिडक्या लावून चालवलेला कूलर तासाभरात तीच ओली हवा फिरवत बसतो, अंग चिकचिकतं आणि गारवा संपतो. इथं कूलर उत्तरेच्या खिडकीत पाठ बाहेर करून बसवला आणि समोरची दक्षिणेची खिडकी वीतभर उघडी ठेवली. बरोबर बसलाय का ते कसं कळतं? समोरच्या फटीत अगरबत्ती धरायची. धूर बाहेर ओढला गेला तर ठीक, आत परतला तर फट वाढवायची.

पाण्याचा खर्च आधी धरावा लागतो. मोठा कूलर जोरात चालला की तासाला आठ-दहा लिटर पाणी उडतं. अक्का दुपारी दोन ते पाच मोठा आणि रात्री दहा ते दोन हळू चालवायची, तरी रोजचे पन्नास लिटर लागायचे. कृष्णेचं पात्र मे महिन्यात आटतं. कर्नाटकाला महाराष्ट्राकडे कोयना-वारणेचं पाणी सोडण्याची मागणी करायची वेळ अनेक उन्हाळ्यांत येते, आणि अथणीत नळ एकाआड एक दिवसही येत नाही असे आठवडे जातात. म्हणून घर बघताना मालकाला बोअर आहे का आणि टाकी किती लिटरची, हे भाड्याइतकंच नीट विचारावं. बोअरचं पाणी क्षारांचं असतं. पंधरा दिवसांत पॅडवर पांढरा थर धरतो, वारा कमी होतो आणि गारवा जातो. आठवड्यातून एकदा टाकी पूर्ण रिकामी करून घासायची, पॅड साध्या पाण्यानं धुवायचे. साचलेल्या पाण्यात डेंग्यूचा डास वाढतो, त्यासाठीही हाच आठवडा.

गच्चीवरच्या काळ्या टाकीचा त्रास मी धरला नव्हता इतका निघाला. दुपारी नळाला हात लावता येईना असं पाणी. आजींना अंग पुसायला गार पाणी मिळेना. उपाय साधा होता. पहाटे पाच-सहाला, टाकीतलं पाणी सगळ्यात गार असताना, दोन पिंपं आणि बादल्या बाथरूमच्या सावलीत भरून ठेवायच्या. टाकीभोवती दाजींनी मालकांना सांगून ओल्या बारदानाऐवजी शेडनेटचंच छप्पर केलं, कारण बारदान ओलं ठेवायला पुन्हा पाणीच लागतं.

लाटेचे चार दिवस

एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात पारा चार दिवस ४१-४२ वर राहिला. तिसऱ्या दिवशी दुपारी दीडला वीज गेली ती चारला आली. कूलर बंद, पंखा बंद. घरातला पारा ३५ वर. आजी सकाळपासून पाणी कमी प्यायल्या होत्या. तहान लागली नाही, म्हणाल्या. उतारवयात तहानेची जाणीव खरोखरच मंदावते, म्हणून तहानेवर अवलंबून राहता येत नाही. तीनला उठताना त्यांना चक्कर आली. अक्कानं त्यांना शहाबादीवर चटई टाकून झोपवलं, पिंपातल्या पाण्यानं पंचा भिजवून मान, काखा आणि पाय पुसत राहिली, हातपंख्यानं वारा घातला. ओल्या अंगावर वारा लागला की कोरड्या हवेत शरीर झपाट्यानं निवतं, कूलर जे करतो तेच. कोरड्या अंगावर नुसता पंखा मात्र ४० अंशांच्या वर अंगाला तापवू शकतो. जागतिक आरोग्य संघटनाही तिथं पंख्यावर विसंबू नका असंच सांगते. घोटाघोटानं लिंबू-पाणी दिल्यावर आजी तासाभरात सावरल्या. त्या पूर्ण वेळ नीट बोलत होत्या. बोलणं असंबद्ध झालं असतं किंवा अंग चटका बसेल इतकं तापलं असतं, तर अंग भिजवत राहून लगेच १०८ ला फोन करायचा, हे दाजींनी भिंतीवर लिहून ठेवलं होतं.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना दाखवलं. रक्तदाबाच्या गोळ्यांत लघवी वाढवणारी एक होती, तिचं प्रमाण त्यांनी उन्हाळ्यापुरतं बदलून दिलं. अशी गोळी घरच्या घरी बंद करू नये, पण पारा चढायच्या आधी, मार्चमध्येच, डॉक्टरांना विचारून घ्यावं. त्यानंतर अक्कानं आजींच्या उशाशी एक लिटरची बाटली ठेवली, जेवणाच्या वेळेपर्यंत थोडी थोडी करून एक आणि दुपारच्या चहाच्या वेळेपर्यंत दुसरी संपवायची. लघवीचा रंग गडद पिवळा दिसला की तिसरी.

मे महिन्यात वळीव सुरू झाले तसा कूलरचा गुण कमी झाला. पाऊस पडून गेलेल्या संध्याकाळी हवेत ओल असते, तेव्हा कूलर तीन-चार अंशांच्या पलीकडे काही देत नाही, उलट घाम सुकू देत नाही. अशा दिवशी पंप बंद ठेवून नुसता त्याचा पंखा आणि खिडक्या, एवढंच. त्या दिवसांत बाहेरही लवकर गार होतं, त्यामुळे खिडक्या सहा-साडेसहालाच उघडायला मिळतात.

वरच्या मजल्यावर भाडेकरू दांपत्य आहे, त्यांचं लहान मूल. त्यांचा स्लॅब रात्री ३९-४० ला असायचा, पहिल्या फ्लॅटसारखाच. मेच्या सुरुवातीला दाजी आणि ते मिळून मालकांकडे गेले. मालकांनी गच्चीला ऊन परतवणारा पांढरा चुना मारायला परवानगी दिली. गच्ची झाडून धुऊन, विझवलेला चुना गाळून, त्यात चिकटण्यासाठी फेव्हिकॉल घालून, संध्याकाळी उन्हं उतरल्यावर दोन हात मारले, दुसरा पहिल्याला आडवा. आठवड्यानं रात्री साडेनऊला छत ३५ च्या खाली होतं, आणि खाली आजींच्या खोलीचं छतही अर्ध्या-एक अंशानं उतरलं. हा चुना पावसाळ्यात धुऊन जाणार आहे. दर वर्षी होळीनंतर, पारा चढायच्या आत, तो पुन्हा द्यावा लागतो आणि मधे धूळ बसली की एकदा झाडून काढावा लागतो. मालकांनी पुढच्या करारात चुन्याचा खर्च आपला आणि मजुरी दोन्ही भाडेकरूंची असं लिहून द्यायचं कबूल केलं आहे.